ऐंशी हजारांचं डिपॉझिट, हातात तेरा हजार आठशे साठ: मालकांना लिहिलेलं पत्र

घर सोडून पाच दिवस झाले होते. नव्या घरात अजून खोकी उघडायची होती, गॅसची शेगडी जमिनीवरच होती आणि मी मुलीला मांडीवर घेऊन खिचडी भरवत होते. तेवढ्यात फोन वाजला. बँकेचा मेसेज होता, १३,८६० रुपये जमा. पाठोपाठ मालकांच्या मुलाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. नमस्कार वगैरे काही नाही, थेट यादी:

"फुल हाउस पेंटिंग २८,०००. डीप क्लीनिंग ६,५००. किचन ट्रॉली ७,२००. गिझर ६,८००. सोसायटी चार्जेस ९,९००. बेसिन ३,५००. बाल्कनी जाळी २,४००. लाइट बिल १,८४०. टोटल ६६,१४०. बॅलन्स ट्रान्सफर केलाय. फुल अँड फायनल."

डिपॉझिट ८०,००० रुपये होतं. कर्वेनगरच्या त्या टू बीएचकेमध्ये आम्ही जून २०२१ ते फेब्रुवारी २०२४ राहिलो. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार, म्हणजे तेहतीस महिने. एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे गेलं नव्हतं. मालक सांगलीचे, निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पहिली दोन वर्षं सगळा व्यवहार त्यांच्याशीच होता. नंतर तो बंगळुरूच्या मुलाकडे गेला आणि काकांचे फोन थांबले.

नवरा म्हणाला, "जाऊ दे, डोक्याला ताप नको." दहा मिनिटांनी तोच म्हणाला, "आता जातो सांगलीला." मी यातलं काहीच केलं नाही. मी अकाउंट्समध्ये काम करते. आमच्याकडे व्हाउचर नसेल तर चहाचे वीस रुपयेसुद्धा पास होत नाहीत, आणि इथे कुणी एका मेसेजवर ६६,००० चा खर्च टाकला होता.

माझी मावसबहीण पुण्यात वकिली करते. तिला रात्रीच फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "पैसे आल्यावर तू काही उत्तर दिलंस का?" नव्हतं दिलं. "मग आत्ता लिही. पैसे मिळाले, अंशतः म्हणून स्वीकारले, कपाती मान्य नाहीत, सविस्तर पत्र पाठवते. एवढंच. 'फुल अँड फायनल'वर गप्प बसलीस तर उद्या तो म्हणेल की तुम्हाला मान्यच होतं." अकरा वाजता ते तीन ओळींचं उत्तर गेलं. निळ्या खुणा लगेच दिसल्या, उत्तर नाही.

दुसरं तिने विचारलं ते चावीचं. चाव्या आम्ही २९ फेब्रुवारीला, करार संपला त्याच दिवशी, मुलाच्या हातात दिल्या होत्या. ताबा दिल्याच्या कागदावर सही मागितली तर तो "कशाला एवढं" म्हणून हसला. म्हणून मी तिथेच जिन्यात उभी राहून मेसेज केला: मुख्य दाराच्या दोन, बाल्कनीची एक, मीटर बॉक्सची एक, लेटरबॉक्सची एक, अशा पाच चाव्या आज संध्याकाळी साडेसहाला तुम्हाला दिल्या. त्याने अंगठा दाखवला होता. तो अंगठा आता कामाचा होता.

आम्हाला ओळखीच्या दोघा-तिघांनी आधीच सल्ला दिला होता की डिपॉझिट हातात पडेपर्यंत चावी द्यायचीच नाही. बहिणीच्या मते हा सगळ्यात महागडा सल्ला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर त्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. आमचं शेवटचं भाडं २२,००० होतं. अडून बसलो असतो तर महिन्याला ४४,००० चा मीटर आमच्याच अंगावर सुरू झाला असता. शेवटचे दोन-तीन महिने भाडं न भरता डिपॉझिटमधून वळतं करून घ्यायचं, हेही बरेच जण करतात. आमच्या करारात तसं करायला मनाई होती, त्यामुळे ते केलं असतं तर पहिली चूक आमच्या नावावर लागली असती.

पत्राचा पहिला खर्डा मी रागात लिहिला. चार पानं. त्यात दिवाळीला काकूंना पाठवलेला फराळ होता, करोनात आम्ही भाडं कमी करून मागितलं नाही हे होतं, "विश्वासघात" हा शब्द तीनदा होता. बहिणीने वाचलं आणि म्हणाली, "हे पत्र काकांच्या नावाने असलं तरी उद्या कदाचित तिसराच माणूस वाचेल. त्याला तुमच्या चिवड्याशी काय करायचंय?" मग तिने एक काम सांगितलं. प्रत्येक रकमेपुढे चार गोष्टी लिहून काढायच्या. करार काय म्हणतो? आम्ही आलो तेव्हा ती वस्तू कशी होती, आणि त्याचा पुरावा काय? बिघाड वापराने झालेली झीज आहे की आमच्या हातून झालेलं नुकसान? आणि पैसे खरोखर खर्च झाल्याचं बिल आहे का?

मी वहीत आठ ओळी आखल्या आणि करार बाहेर काढला. तीन वर्षं घरात होता, पण नीट वाचला आजच. त्यातली दोनच कलमं आमच्या भांडणाची होती. एक, जागा आहे त्या स्थितीत सांभाळायची आणि नुकसान झाल्यास लायसन्सीने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, मात्र "नॉर्मल वेअर अँड टेअर" वगळून. दुसरं, विजेचं बिल आम्ही भरायचं आणि सोसायटीचा मेंटेनन्स मालकांनी. व्याजाचं कलम नव्हतं, म्हणून पत्रात व्याज मागितलं नाही. नेटवर सापडलेलं मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०८ मी मोठ्या हौसेने टाकलं होतं, कारण त्यातही वाजवी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही असं आहे. बहिणीने ते खोडलं. ते कलम भाडेपट्ट्याचं, आपला करार लायसन्सचा; उगाच समोरच्याच्या वकिलाला पहिली चूक दाखवायला द्यायची नाही. करारातलं वाक्य आपल्याला पुरेसं आहे, म्हणाली.

आमचा करार नोंदणीकृत होता हे बरं. नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. ती केलेली नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. तेव्हा कागद नोंदलेला नाही म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. पण असला की वाद पटकन मुद्द्यावर येतो.

मग फोटो शोधले. जून २०२१ मध्ये सामान लावायच्या आधी मी घराचे त्रेचाळीस फोटो काढले होते. हुशारी म्हणून नव्हे, आईला घर दाखवायला म्हणून. ते तिच्याच चॅटमध्ये तारखेसह पडून होते.

रंगाची रक्कम सगळ्यात मोठी, म्हणून पत्रात तीच पहिली घेतली. २८,००० साठी मुलाने जे पाठवलं होतं ते बिल नव्हतं, एका रंगाऱ्याचं कोटेशन होतं: २,००० चौरस फूट, १४ रुपये दराने, दोन हात. आम्ही आलो तेव्हा घर नव्याने रंगवलेलं नव्हतं. आईला पाठवलेल्या फोटोंत हॉलच्या भिंतीला आधीच्या लोकांच्या खिळ्यांची भोकं आणि स्विचबोर्डभोवतीचे काळपट डाग स्वच्छ दिसत होते. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला तर दर पावसाळ्यात बाहेरून ओल यायची. १४ जुलै २०२२ ला मी पोपडे सुटल्याचा फोटो काकांना पाठवला होता आणि त्यांचं उत्तर होतं, "पावसाळा झाला की बघू." पुढे कुणी बघितलं नाही.

पण हॉलची एक भिंत आमची होती. मुलीने सोफ्यामागे मेणाच्या खडूने एक अख्खी रेल्वे काढली होती, बारा डबे, प्रत्येकाला चाकं. ओल्या फडक्याने पुसून ती पसरली, गेली नाही. मी एका रंगाऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मेणावर डिस्टेंपर बसत नाही. घासून, प्रायमर मारून मगच रंग द्यावा लागतो. भिंत १२ फूट बाय साडेनऊ, म्हणजे ११४ चौरस फूट. त्यांच्याच १४ रुपयांच्या दराने १,५९६ रुपये होतात. प्रायमर आणि घासायची मजुरी धरून मी ३,००० देऊ केले. नवऱ्याचा याला विरोध होता. "आपणहून कशाला सांगायचं? त्यांनी रेल्वेचं नावही काढलेलं नाही." पण त्यांच्याकडे भिंतीचा फोटो असणारच. तो त्यांनी आमच्यासमोर धरण्याआधी आम्हीच सांगितला, तर बाकीच्या २५,००० वर आमचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त. पत्रात ते असं गेलं:

"१. रंगकाम, रु. २८,०००. अमान्य, रु. ३,००० मान्य. हॉलमधील सोफ्यामागील एका भिंतीवर (११४ चौ. फूट) आमच्या मुलीने खडूने रेघोट्या मारल्या, त्याची जबाबदारी आमची आहे. आपल्या कोटेशनमधील रु. १४ दराने रु. १,५९६ होतात, प्रायमर व घासकाम धरून आम्ही रु. ३,००० मान्य करतो. उर्वरित घराचा रंग तेहतीस महिन्यांच्या राहण्याने फिकट झाला असेल तर ती करारात वगळलेली झीज आहे. आम्ही आलो तेव्हाही घर नव्याने रंगवलेले नव्हते (फोटो १ ते ६, जून २०२१). बेडरूमच्या पश्चिम भिंतीचे पोपडे बाहेरील ओलीमुळे आहेत, त्याबाबत दि. १४/०७/२०२२ रोजी आपणांस कळवले होते (प्रत सोबत). तसेच आपण पाठवलेला कागद हा अंदाज आहे, खर्चाचे बिल नव्हे."

गिझरचं प्रकरण मला सगळ्यात जास्त झोंबलं. फेब्रुवारीत, निघायच्या दोन आठवडे आधी, टाकीतून पाणी ठिबकायला लागलं. मी तेव्हाच कळवलं होतं. आता नव्या गिझरची पूर्ण किंमत, ६,८००, आमच्या नावावर. त्या भागात उन्हाळ्यात टँकर यायचे, बोअरचं पाणी मिसळायचं, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसायचा. तोच थर टाकीत आणि कॉइलवर बसतो. कॉइल बदलता येते, पण टाकी आतून गंजून गळायला लागली की दुरुस्ती होत नाही. २०२२ मध्ये त्याचा थर्मोस्टॅट गेला होता, तो आम्ही ८५० रुपये देऊन बदलला आणि काकांकडे मागितलेही नव्हते. त्या मिस्त्रीने काम झाल्यावर फोटो पाठवला होता आणि त्या फोटोत खालच्या कोपऱ्यात कंपनीचं लेबल होतं. मोबाइलवर मोठं करून बघितलं. अक्षरं पुसट होती, पण वर्ष वाचता आलं: २०१४. म्हणजे टाकी दहा वर्षांची.

"४. गिझर, रु. ६,८००. पूर्ण अमान्य. गिझरवरील लेबलनुसार तो २०१४ चा आहे (फोटो ११). टाकीची गळती वयाने व क्षारयुक्त पाण्याने झाली आहे, गैरवापराने नव्हे. गळती सुरू होताच दि. १५/०२/२०२४ रोजी आपणांस कळवले. दहा वर्षे जुन्या वस्तूच्या बदल्यात नव्या वस्तूची किंमत आमच्याकडून घेता येणार नाही. २०२२ मध्ये थर्मोस्टॅट आम्ही स्वखर्चाने बदलला आहे (बिल सोबत)."

"नवी वस्तू, जुन्याच्या बदल्यात" हे वाक्य बहिणीने अधोरेखित करायला लावलं. समजा गिझर आमच्याच चुकीने फुटला असता, तरी दहा वर्षं वापरलेल्या टाकीची जी काही किंमत उरली होती तेवढीच आमच्याकडून निघाली असती. मालकाचं नुकसान भरून द्यायचं असतं, त्याचं घर आपल्या पैशाने नवं करायचं नसतं.

सोसायटी चार्जेसचे ९,९०० कुठून आले ते आधी कळेना. मुलाला विचारलं तर "नॉन-ऑक्युपन्सी" एवढं एक शब्दाचं उत्तर. सोसायटीच्या ऑफिसात काम करणाऱ्या ताईंनी पाच मिनिटांत उलगडा केला. घर भाड्याने दिलं की सोसायटी सभासदाकडून ना-वापर शुल्क घेते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. इथे सेवा शुल्क महिना ३,००० होतं, म्हणून ३०० रुपये, गुणिले तेहतीस. हिशोब अगदी बरोबर होता, फक्त चुकीच्या माणसाकडून मागितला होता. हे शुल्क सोसायटी सभासदाला लावते, त्याच्या बिलात येतं, आणि आमच्या करारात मेंटेनन्स मालकांकडे होता. तेहतीस महिन्यांत ते कधी मागितलंही नव्हतं. पत्रात यासाठी तीन ओळी पुरल्या.

बेसिन आमच्याच हातून तडकलं होतं, नवऱ्याची दाढीच्या लोशनची काचेची बाटली पडून. ३,५०० मान्य, फक्त बिल दाखवा म्हटलं. बाल्कनीच्या जाळीचे २,४०० मान्य, ती मांजरीने फाडली आणि मांजर आम्ही पाळली होती. लाइट बिल मान्य. निघताना मीटरचा फोटो काढला होता आणि शेवटच्या बिलाचं रीडिंग त्याच्याशी जुळत होतं.

डीप क्लीनिंग मी साफ फेटाळलं. निघताना दोन बायका लावून घर धुऊन दिलं होतं, करारात व्यावसायिक साफसफाईची अट नव्हती आणि आम्हाला घर मिळालं तेव्हा खिडक्यांच्या पन्हाळ्यात कबुतरांची घाण होती (फोटो ९). ट्रॉल्यांचंही तेच केलं. तिन्ही ट्रॉल्यांचे चॅनल बदलल्याचे ७,२००; मी लिहिलं, रुळांचं गंजणं ही झीज आहे आणि बिल नाही. हे लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं की पातेल्यांच्या ट्रॉलीचा डावा चॅनल वाकला होता, कारण मुलगी त्यावर उभी राहिली होती. ते मात्र मी लिहिलं नाही. रेल्वे कबूल केली, बेसिन कबूल केलं, आता अजून किती, असं वाटलं. हे पुढे अंगाशी आलं.

हिशोब पत्राच्या शेवटी मांडला. आम्हाला मान्य कपात: भिंत ३,०००, बेसिन ३,५००, जाळी २,४००, वीज १,८४०, एकूण १०,७४०. डिपॉझिट ८०,००० मधून ते वजा जाता ६९,२६०. मिळाले १३,८६०. येणे ५५,४००. खाली मागणी: पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ही रक्कम त्याच खात्यावर जमा करावी, किंवा ज्या बाबींवर दुमत आहे त्यांची मूळ बिलं आणि फोटो पाठवावेत, अन्यथा वकिलामार्फत नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा करावा लागेल. पोलिसांचं नाव मी मुद्दाम काढलं. हा पैशाचा दिवाणी वाद आहे. धमकी दिली असती तर मुलगा हसला असता. बहिणीने हेही सांगितलं की घाई नको, दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. पण फोटो, चॅट आणि माणसांच्या आठवणी तेवढी वाट बघत नाहीत.

पत्र दोन पानांत बसलं, जोडपत्रं सोळा. मायना "आदरणीय काका" असा ठेवला, कारण मी त्यांना कधी "श्री." म्हटलंच नव्हतं, पण खाली करारातलं पूर्ण नाव, पत्ता, तिन्ही करारांचे नोंदणी क्रमांक आणि तारखा. करार काकांच्या नावावर होता, म्हणून पत्र मुलाला नाही, काकांना. सांगलीच्या, करारातल्याच पत्त्यावर, रजिस्टर एडीने पाठवलं. (तेव्हा ती वेगळी होती, आता स्पीड पोस्टात मिसळली आहे.) पीडीएफ दोघांना व्हॉट्सॲपवर. आठव्या दिवशी पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर शाईपेनाची, शिक्षकी वळणाची सही. काकांनीच घेतलं होतं.

मुलाचं उत्तर तेराव्या दिवशी आलं आणि त्यात एक डाव होता ज्याचा मी विचारच केला नव्हता. तो म्हणाला, शेवटचा करार एप्रिल २०२३ चा. त्यात लिहिलंय की जागा आणि वस्तू चांगल्या स्थितीत मिळाल्या. त्यावर तुमची सही आहे. मग २०२१ चे फोटो कशाला दाखवता?

हा मुद्दा पोकळ नव्हता. दर अकरा महिन्यांनी एजंट जुनाच मसुदा तारखा बदलून आणतो, आपण अंगठा लावून मोकळे होतो, आणि दर वेळी कागदावर घर पुन्हा नवं होतं. आम्ही उत्तर दिलं की २०२३ मध्ये घर रिकामं झालं नाही, ताबा दिला-घेतला नाही, वस्तू तपासल्या नाहीत, रंग दिला नाही. डिपॉझिटही तेच जुनं पुढे चालू ठेवल्याचं करारात नमूद आहे. शिवाय, घर एप्रिल २०२३ मध्ये खरंच चांगल्या स्थितीत होतं असं धरलं, तर ओलीचे जुलै २०२२ चे पोपडे मधल्या काळात तुम्ही दुरुस्त केले होते का? तसं असेल तर बिल पाठवा. ही शेवटची ओळ बहिणीची. त्यावर पुन्हा उत्तर आलं नाही.

त्याच मेसेजमध्ये त्याने दोन फोटो जोडले होते. एक वाकलेल्या डाव्या चॅनलचा, अगदी जवळून. दुसरा गॅसमागच्या टाइल्स आणि एक्झॉस्ट फॅनचा. तेलाचा चिकट पिवळा थर, त्यात अडकलेली धूळ. त्या दोन बायकांनी फॅन खाली काढलाच नव्हता आणि मी वर बघितलं नव्हतं. सोबत ट्रॉलीवाल्याचं खरं बिल, तीन चॅनल जोड्या, प्रत्येकी २,४००. माझे कान गरम झाले.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. बराच वेळ मुलीची चौकशी केली. मग म्हणाले, "पत्र वाचलं मी. दोनदा वाचलं. ते गिझरचं... दहा वर्षं झाली का गं त्याला?"

"लेबलवर २०१४ आहे काका."

"हो, बरोबर. हिच्या साठीला घेतला होता." मग थोडं थांबून, "आणि ती आगगाडी काढली होती ना, तिला किती डबे होते?"

मी सांगितलं. ते हसले. पैशाचं बोलणं त्यानंतर चार मिनिटांत झालं. मी म्हटलं, एक ट्रॉली आमची, २,४०० मान्य. पत्रात लिहायला हवं होतं, राहिलं. फॅन आणि टाइल्सच्या साफसफाईचे २,००० देते, पण ६,५०० नाही. रंग, गिझर, सोसायटी यांवर मी हलणार नाही. ते म्हणाले, मुलाशी बोलतो. ५५,४०० मधून ४,४०० गेले, राहिले ५१,०००. एप्रिलच्या सहा तारखेला ३०,००० आले आणि बावीस तारखेला २१,०००.

पहिल्या हप्त्याला मी पुन्हा "अंशतः प्राप्त" असंच लिहून पाठवलं. दुसरा आल्यावर मुलाचा मेसेज आला की आता तरी लिहून द्या. एका कोऱ्या कागदावर लिहिलं: ८०,००० पैकी मान्य कपात १५,१४०, एकूण मिळाले ६४,८६०, यापुढे डिपॉझिटबाबत येणे-देणे नाही. फुल अँड फायनल. आम्हा दोघांच्या सह्या करून फोटो पाठवला आणि मूळ कागद सांगलीला. त्याच पाकिटात लॉफ्टच्या कपाटाची एक चिमुकली किल्ली होती. खोकी उघडताना सापडली. पाच चाव्यांच्या त्या मेसेजमध्ये ती नव्हती.